स्क्रीन नव्हे, आधी अडॅप्टर बदला

फोन चार्जिंगला लावलेला असताना मेसेज लिहायला घेतला की ‘क’च्या जागी ‘त’ उमटतो, पान आपोआप वरखाली सरकते, कधी भलतेच ॲप उघडते. केबल काढली की सारे पूर्ववत. स्क्रीन गेली, असे समजून अनेक जण ती बदलायला निघतात. दोष मात्र बहुतेक वेळा रस्त्यावरून घेतलेल्या स्वस्त अडॅप्टरचा असतो.

स्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. बोट टेकले की त्या ठिकाणची विद्युतभार साठवण्याची क्षमता किंचित बदलते. हा बदल पिकोफॅरडहूनही कमी, म्हणजे एका फॅरडच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षाही लहान असतो. फोन तोच मोजत असतो. इतक्या नाजूक मोजणीत थोडाही गोंगाट चालत नाही.

गोंगाट येतो अडॅप्टरमधून. घरातली २३० व्होल्टची वीज आधी एकदिश केली जाते, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरला दिली जाते. त्याची दोन वेटोळी एकमेकांना जोडलेली नसतात. पण ती इतकी जवळ असतात, की वेगाने बदलणारा दाब थोडासा पलीकडे झिरपतोच. चांगल्या अडॅप्टरमध्ये वेटोळ्यांमध्ये आडोसा असतो आणि झिरपलेल्या प्रवाहाला परत जाण्यासाठी सुरक्षित प्रतीचा एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. पैसे वाचवायचे तर कात्री पहिल्यांदा यांवरच चालते.

मग अख्खा फोनच जमिनीच्या तुलनेत वरखाली थरथरू लागतो. सगळे भाग एकत्र हलत असल्याने नुसत्या ठेवलेल्या फोनला ते सहसा जाणवत नाही. बोट टेकले की गोष्ट बदलते. शरीर जमिनीशी विद्युतदृष्ट्या बांधलेले असते, त्यामुळे गोंगाटाला बोटातून वाट मिळते. म्हणूनच खोटे स्पर्श अनेकदा खऱ्या बोटाच्याच उभ्या किंवा आडव्या रेषेत उमटतात. पैसे पाठवताना पिन टाकायची असेल, तर केबल काढलेली बरी.

खात्री करणे सोपे आहे. तीच केबल ठेवून फोन पॉवर बँकेला लावावा. पॉवर बँक तेव्हा स्वतः चार्जिंगला नसावी. खोटे स्पर्श थांबले, तर केबल आणि स्क्रीन ठीक, अडॅप्टर दोषी. केबल पूर्ण काढूनही ते चालूच राहिले, तर मात्र ओल, तडा किंवा फुगलेली बॅटरी तपासावी. बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे.

नवा अडॅप्टर घेताना ‘बीआयएस’चा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. ही नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची आहे, गोंगाट नसण्याची हमी नव्हे. पण जिथे आडोशात काटकसर झाली, तिथे २३० व्होल्टला अडवणाऱ्या अंतरातही ती झालेली असू शकते. ती धोक्याची बाब स्क्रीनवर दिसत नाही.