पट्टा ओलांडला म्हणजे शेअर स्वस्त झाला?

ट्रेडिंगचं अ‍ॅप उघडलं की चार्टवर दोन गोष्टी हमखास दिसतात. किमतीच्या वर-खाली धावणारे बोलिंजर बँड, आणि खालच्या चौकटीत एकमेकींना छेदणाऱ्या एमएसीडीच्या दोन रेषा. दोन्हींचा कच्चा माल एकच: होऊन गेलेल्या किमती.

जॉन बोलिंजर यांचे बँड काढायला सोपे आहेत. गेल्या 20 दिवसांच्या बंद भावांची सरासरी ही मधली रेषा. त्या 20 दिवसांत भाव सरासरीपासून किती हलला हे प्रमाण विचलनाने मोजायचं आणि त्याची दुप्पट वर व खाली लावायची. बाजार शांत असला की पट्टा आवळतो, उसळला की पसरतो. म्हणजे पट्टा चढउतार किती आहे ते सांगतो. भाव पुढे कुठे जाईल हे तो सांगत नाही.

तरीही ‘खालच्या बँडला टेकला, आता घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. 28 फेब्रुवारी 2020 ला निफ्टी 11,201 वर बंद झाला, तेव्हा खालचा बँड 11,440च्या आसपास होता. निर्देशांक बँडच्याही खाली गेला म्हणून ज्यांनी खरेदी केली, त्यांना 23 मार्चला 7,610चा आकडा पाहावा लागला. जोरदार घसरणीत बँड स्वतःच खाली सरकत जातो आणि भाव त्याला चिकटून उतरतो. बँडला नुसतं टेकणं हा खरेदी-विक्रीचा इशारा नव्हे, असं खुद्द बोलिंजरही बजावतात. पट्टा झपाट्याने रुंदावत असेल आणि मधली रेषा कललेली असेल, तर भाव सरासरीकडे परत येईल हा भरवसा सोडावा.

जेराल्ड अ‍ॅपेल यांच्या एमएसीडीची चूक वेगळी आहे. 12 आणि 26 दिवसांच्या, ताज्या भावाला जास्त वजन देणाऱ्या सरासऱ्यांमधला फरक ही त्याची मुख्य रेषा. त्या फरकाची 9 दिवसांची सरासरी ही सिग्नल रेषा. मुख्य रेषा सिग्नलच्या वर गेली की ‘बाय’.

आता समजा, बरेच दिवस 100 रुपयांवर स्थिर असलेला शेअर एका दिवसात 90 वर आला आणि तिथेच थांबला. विक्रीचा क्रॉसओव्हर त्याच संध्याकाळी दिसेल, पण दहा रुपये गेल्यावर. पुढचं जास्त गमतीचं आहे. भाव 90वर गोठलेला असताना 12 दिवसांची सरासरी लवकर 90 जवळ येते, 26ची रेंगाळते, मग दोघींमधलं अंतर मिटू लागतं. साधारण पंधराव्या दिवशी मुख्य रेषा सिग्नलच्या वर जाते आणि खरेदीचा क्रॉसओव्हर दिसतो. शेअर मात्र एक पैसाही वाढलेला नसतो! घसरण थांबली, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून क्रॉसओव्हर दिसला की आधी किमतीचा चार्ट पाहावा. भावाने अलीकडचा उच्चांक ओलांडला नसेल, तर रेषांनी फक्त जुन्या घसरणीचा हिशेब पुरा केला आहे.