एका फ्रेंच वाडग्याचं वर्णन

फ्रान्समध्ये बऱ्याच घरांत सकाळची दूध-कॉफी कपात नव्हे तर वाडग्यात पितात. त्याला तिथे 'बोल' म्हणतात. तो दोन्ही हातांनी धरायचा, पावाचा तुकडा बुडवायचा आणि खायचा. एखादी कुंभारीण असे बोल चाकावर घडवून स्वतःच्या छोट्या ऑनलाइन दुकानात विकते, तेव्हा गिऱ्हाइकाला तो उचलून बघता येत नाही. हातात मावेल का, कॉफी किती राहील, भांडी धुण्याच्या यंत्रात टाकला तर चालेल का, हे सगळं दहा-बारा ओळींच्या मजकुरातूनच कळायला हवं. शीर्षक असं लिहिता येईल:

```
Bol en grès tourné à la main, émail bleu-gris
```

म्हणजे चाकावर हाताने घडवलेला, निळसर राखाडी झिलईचा, 'ग्रे' मातीचा बोल. यात 'सुंदर' नाही, 'अनोखा' नाही. मोठं अक्षर फक्त पहिलं. इंग्रजी वळणाने प्रत्येक शब्दाची सुरुवात मोठ्या अक्षराने केली की फ्रेंच वाचकाला मजकूर परका वाटतो.

इथे सर्वांत जास्त काम करतो तो मातीचा प्रकार. 'ग्रे' माती साधारण 1200 ते 1300 अंशांवर भाजतात. त्या तापमानाला ती आतून घट्ट होते आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. कमी तापमानावर भाजलेली 'फायांस' माती सच्छिद्र राहते, तिच्यात पाणी धरून ठेवण्याचं काम झिलईवरच असतं. रोजच्या वापराचं भांडं शोधणाऱ्याला या एका शब्दाने निम्मी उत्तरं मिळतात. पुढचा शब्द घडणीचा. चाकावर घडवलेलं, हाताने थापून केलेलं आणि साच्यात ओतलेलं यांना फ्रेंचमध्ये वेगवेगळे शब्द आहेत. साच्यातल्या बोलाला चाकावरचा म्हणणं ही गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे, आणि तिथला ग्राहक कायदा दिशाभूल करणाऱ्या वर्णनावर कारवाई करतो.

मापं चुकायची एक हमखास जागा आहे. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते, अनेकदा दहा टक्क्यांच्या आसपास. चाकावर घेतलेलं माप पानावर उतरवलं तर घरी पोचलेला बोल लहान निघतो. म्हणून माप भट्टीतून काढल्यावरच घ्यायचं, आणि आत किती मावतं ते पाणी ओतून मोजायचं:

```
Diamètre : 14 cm
Hauteur : 7 cm
Contenance : 50 cl
Prix : 32 €
```

फ्रेंचमध्ये विसर्गासारख्या त्या दोन टिंबांच्या आधी जागा सोडतात आणि युरोचं चिन्ह आकड्यानंतर येतं. ही जागा न तुटणारी असावी, नाहीतर मोबाइलवर ती टिंबं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटीच जाऊन बसतात. मापाशेजारी एक वाक्य जोडावं: प्रत्येक बोल हाताने घडवलेला असल्याने काही मिलिमीटरचा आणि रंगछटेचा फरक पडू शकतो. मात्र सारखे डझनभर बोल केलेले असतील, तर त्यांतल्या एकालाही 'एकमेव नग' म्हणू नये.

दुसरी चूक मजकुराची नक्कल करताना होते. बोल पुल्लिंगी, तर ताटली आणि कप स्त्रीलिंगी. बोलाचं वर्णन कपाच्या पानावर चिकटवलं की `tourné` चं `tournée` करावं लागतं. दोन्हींचा उच्चार एकच, त्यामुळे मोठ्याने वाचूनही ही चूक कानाला लागत नाही. ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

आता कायद्याकडे. 1994च्या तूबाँ कायद्यानुसार फ्रान्समधल्या गिऱ्हाइकाला वस्तूची माहिती फ्रेंचमध्ये देणं बंधनकारक आहे. दुसऱ्या भाषेतलं वर्णन सोबत ठेवता येतं, पण फ्रेंच वगळता येत नाही. स्वतःला 'आर्तिझां', म्हणजे कारागीर, म्हणवून घेण्यालाही अट आहे: त्या धंद्यातली मान्य पदविका किंवा किमान तीन वर्षांचा अनुभव. हौसेने नुकतीच सुरुवात केलेल्या बाईने तो शब्द टाळून 'माझ्या कार्यशाळेत घडवलेला' एवढंच लिहावं, ते खरंही असतं. 'पर्यावरणपूरक' असं मोघम काही लिहिण्याचा मोहही आवरावा. 2020च्या कचराविरोधी कायद्याने वस्तूवर किंवा वेष्टनावर असे दावे छापायला बंदी घातली आहे. त्याऐवजी माती कुठून आणली आणि पेटीत भरण म्हणून काय वापरलं, ते लिहावं.

शेवटचा मुद्दा परतीचा. ऑनलाइन घेतलेली वस्तू गिऱ्हाईक, ती हाती पडल्यापासून 14 दिवसांत, कारण न देता परत करू शकतं. दुकानदाराने हे कळवलंच नाही तर मुदत आणखी 12 महिन्यांनी वाढते. अपवाद आहे तो गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम केलेल्या वस्तूचा. ब्रिटनीत दोन कानांचे, ज्याचं त्याचं नाव रंगवलेले बोल मिळतात. असं नाव मागणीवरून रंगवून दिलं तर तो बोल परत घेण्याची सक्ती नाही, पण हे गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी समजायला हवं. म्हणून ते वाक्य नाव टाइप करायच्या चौकटीच्या अगदी वर ठेवावं.