गोषवारा तोंडी सांगताना

डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोलीहून आलेला एक शोधनिबंध छापला गेला. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेतल्या सहकाऱ्यांचा. नवजात बाळाची काळजी, अगदी जंतुसंसर्गावरच्या उपचारासकट, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बाईने घरी जाऊन घेतली तर मृत्यू किती कमी होतात, हे त्यात मोजलं होतं. पुढे या कामाची दखल जगभर घेतली गेली आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू केला.

निबंधाच्या सुरुवातीला एक छोटा गोषवारा आहे. पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष आणि अर्थ, सगळं एका दृष्टिक्षेपात मावणारं. वाचायला उत्तम. पण हाच गोषवारा सभागृहात उभं राहून जसाच्या तसा वाचून दाखवा. तिसऱ्या वाक्याला माणसं खुर्चीत सरकू लागतात, पाचव्याला फोनकडे बघतात. विषय बाळांच्या जीवन-मरणाचा असला तरीही. परिषदांमधली निम्मीअधिक भाषणं याच दुखण्याने आजारी असतात, असं माझं मत आहे. वक्ता लिहिलेलं वाचत असतो आणि ऐकणाऱ्याने ते बोलणं समजावं अशी अपेक्षा असते.

वाचणाऱ्याचा डोळा मागे जाऊ शकतो. ३९ गावं कुठली आणि ४७ कुठली हे विसरलं, तर दोन ओळी वर बघून परत येता येतं. ऐकणाऱ्याला ही सोय नाही. त्यातून मराठीत आणखी एक अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. गोषवाऱ्यातल्या पद्धतीच्या भागाचं छापील वळणाचं मराठी साधारण असं होईल:

“गडचिरोली जिल्ह्यातील ३९ हस्तक्षेप व ४७ तुलनात्मक गावांमध्ये १९९३ ते १९९५ या कालावधीतील आधारभूत माहितीचे संकलन केल्यानंतर १९९५ ते १९९८ दरम्यान हस्तक्षेप गावांमध्ये प्रशिक्षित ग्राम आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत जंतुसंसर्गाच्या उपचारासह गृहाधारित नवजात शिशु काळजीची अंमलबजावणी करण्यात आली.”

यात चूक एकही नाही. पण ‘करण्यात आली’ येईपर्यंत ऐकणाऱ्याला दोन आकडे, दोन कालखंड, दोन प्रकारची गावं, कर्मचारी, उपचार आणि काळजी एवढं सगळं डोक्यावर धरून उभं राहावं लागतं. कुणी काय केलं ते शेवटी कळतं, आणि तेही पुरतं नाही, कारण ‘करण्यात आली’मध्ये करणारा दडलेला आहे. अशा वाक्याचे नुसते तुकडे करून भागत नाही. त्यातली नामं परत क्रियापदं करावी लागतात: संकलन म्हणजे मोजलं, अंमलबजावणी म्हणजे काम सुरू केलं. मग ते असं बोलता येतं:

“गडचिरोली जिल्ह्यातली शहाऐंशी गावं आम्ही घेतली. पहिली दोन वर्षं आम्ही फक्त मोजलं. किती बाळं जन्मली, ते मोजलं. किती दगावली, ते मोजलं. शहाऐंशीच्या शहाऐंशी गावांत मोजलं. मग त्यातल्या एकोणचाळीस गावांत काम सुरू केलं. ही आमची कामाची गावं. उरलेल्या सत्तेचाळीस गावांत आम्ही काम केलं नाही, फक्त मोजत राहिलो. ती मोजणीची गावं. कामाची गावं एकोणचाळीस, मोजणीची गावं सत्तेचाळीस. तीन वर्षं असं चाललं.”

शब्द वाढले, वेळही थोडा वाढला. पण प्रत्येक वाक्यात नवी गोष्ट एकच येते आणि ती आधीच्या वाक्यातल्या कशाला तरी धरून येते. ‘काम सुरू केलं’ हे आधी कळतं, म्हणून ‘कामाची गावं’ हे नाव लगेच पचतं. ‘मोजलं’ चार वेळा आलं आहे, तेही मुद्दाम. अभ्यासाचा अर्धा भार या मोजणीवर आहे. आधी किती बाळं जात होती हे माहीत नसेल, तर नंतर किती वाचली हे कुणी सांगायचं? क्रियापद शेवटी येण्याची अडचण इथे उलट कामाला येते. तोच शब्द वाक्यावाक्याच्या टोकाला पडतो आणि कान त्याची वाट बघू लागतो. कीर्तनकाराला हे ठाऊक असतं, म्हणून निरूपण कितीही दूर गेलं तरी तो ध्रुपदावर परत येतो.

‘कामाची गावं’ आणि ‘मोजणीची गावं’ ही नावं एकदा ठरली की शेवटपर्यंत बदलायची नाहीत. शाळेत निबंध लिहिताना आपल्याला शिकवतात की तोच शब्द परत परत वापरू नये. त्या सवयीने वक्ता एकदा ‘हस्तक्षेप क्षेत्र’ म्हणतो, मग ‘अभ्यासगट’, मग ‘प्रायोगिक गावं’. वाचणारा हे तिन्ही एकच आहे असं ताडतो. ऐकणाऱ्याला ही तीन वेगवेगळी ठिकाणं वाटतात, आणि तो तिसऱ्याचा शोध घेत बसतो तोवर वक्ता निष्कर्षावर पोचलेला असतो.

गावातल्या त्या बाईने नेमकं काय केलं, हे गोषवाऱ्यात एका ओळीत येतं: जन्मतः श्वासावरोध, अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळं, शरीराचं तापमान घटणं, स्तनपानातल्या अडचणी, जंतुसंसर्ग. ‘सर्च’मध्ये या बायकांना आरोग्यदूत म्हणतात. तोंडी सांगताना ही यादी प्रसंगांत मोडावी: “बाळ जन्मलं आणि श्वासच घेत नाही, तर काय करायचं, हे आरोग्यदूत शिकली. बाळ वजनाला फार कमी आहे, तर काय करायचं, हे ती शिकली. बाळ थंड पडलंय, अंगावर ओढत नाही, तर काय करायचं, हे ती शिकली. आणि बाळाला जंतुसंसर्ग झाला, तर तो ओळखायचा कसा आणि औषध द्यायचं कसं, हेही ती शिकली.” शेवटच्या वाक्यात साचा थोडा मोडला आहे, कारण या अभ्यासातली सगळ्यात धाडसाची गोष्ट तीच होती. साचा तीनदा ऐकलेला कान चौथ्यांदा तो मोडला की आपोआप टवकारतो. पुनरावृत्तीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. ती मोडायची नसेल, तर तीनाच्या पुढे नेऊ नये.

आकड्यांपाशी खरा खड्डा आहे. काम सुरू होण्यापूर्वी कामाच्या गावांत, जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत होती. मोजणीच्या गावांत ५८. कामाच्या तिसऱ्या वर्षी कामाच्या गावांतला दर २५.५ वर आला. आणि मोजणीच्या गावांशी तुलना करून काढलेली निव्वळ घट ६२.२ टक्के. कागदावर यात गोंधळ नाही. कानाला मात्र दोन बासष्ट ऐकू येतात, एक हजारातलं आणि एक शंभरातलं, आणि ते एकमेकांवर बसतात. शिवाय श्रोत्यांत एखादा हिशोबी असतोच. तो मनात मांडतो: बासष्टवरून साडेपंचवीस, म्हणजे घट एकोणसाठ टक्क्यांच्या आसपास, हे बासष्ट कुठून काढतात? उत्तर साधं आहे. त्याच काळात मोजणीच्या गावांतला दर कमी झाला नव्हता, उलट थोडा वाढला होता, म्हणून तुलनेतली घट जास्त भरते. पण हे उत्तर डोक्यात तयार होईपर्यंत त्याने पुढची चार वाक्यं ऐकलेली नसतात.

म्हणून मी टक्केवारी काढून टाकेन आणि असं बोलेन: “आधी हजारातली बासष्ट बाळं पहिल्या महिन्यात जायची. तिसऱ्या वर्षी हजारातली पंचवीस-सव्वीस गेली. बासष्ट होती, पंचवीस-सव्वीस झाली. आणि मोजणीच्या गावांत? तिथे मृत्यू कमी झालेच नाहीत.” गोषवाऱ्यात अर्भकमृत्यू आणि प्रसूतिकाळातले मृत्यू यांचेही दर आहेत. ते चित्रफितीवर दाखवावेत, बोलू नयेत. तीन दर ऐकवले की एकही लक्षात राहत नाही.

जंतुसंसर्गाचा भाग तर टक्क्यांत सांगणं हा मला करंटेपणा वाटतो. उपचार सुरू होण्यापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांपैकी २.८ टक्के. साधा गुणाकार केला की या टक्क्यांतली बाळं परत मिळतात: “आधी एकशे त्रेसष्ट बाळांना जंतुसंसर्ग झाला. त्यातली सत्तावीस गेली. आरोग्यदूतांनी एकाहत्तर बाळांवर उपचार केले. त्यातली दोन गेली.” यापुढे एक श्वास थांबावं, लगेच पुढच्या मुद्द्यावर जाऊ नये.

तयार झालेला मजकूर तपासायचा तर तो मोठ्याने वाचावा. जिथे वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो तिथे ते तोडावं. मग विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी एकदा ऐकवून काय ऐकलं ते विचारावं. “गडचिरोलीत काहीतरी चांगलं काम झालं” असं उत्तर आलं तर मजकूर फसला. गावं दोन प्रकारची होती आणि मृत्यू एकाच प्रकारच्या गावांत कमी झाले, एवढं तिने आपल्या शब्दांत सांगितलं तर जमला.

आणखी एक धोका या परीक्षेत सापडत नाही. वाक्य लहान करताना खोटं होऊ शकतं. गोषवाऱ्यात मृत्यूदरांच्या घटीपुढे p<0.001 असं लिहिलेलं आहे. बोलताना याचं सोपं रूप म्हणून “म्हणजे हे हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव हिश्शांनी खरं आहे” असं म्हटलं जातं. कानाला छान वाटतं, पण अर्थ चुकतो. तो आकडा सांगतो ते असं: “समजा, आमच्या कामाचा काहीच परिणाम झाला नाही. तरीही एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसू शकला असता का? शकला असता. पण हजारात एकदाही नाही.” चार लहान वाक्यं लागली, एकात बसवता येत नाही. तसंच या अभ्यासात कुठली गावं कुठल्या बाजूला जायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ते बोलण्यातून गळलं तर श्रोत्याची फसवणूक होते. त्यासाठी एक वाक्य पुरतं आणि त्याची जागा निकालाच्या आधी आहे, मोजणीच्या गावांची ओळख करून देतो तिथेच: “गावं आम्ही निवडली होती, चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. पण सुरुवातीला दोन्हीकडचे मृत्यू जवळपास सारखेच होते. इथे बासष्ट, तिथे अठ्ठावन्न.”