वाटीच्या तळाशी पातळ होणारी पेज

अर्धांगवायूनंतर गिळण्याचे स्नायू मंदावले की पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. बहुतेकांना ठसका लागतो. काहींना तोही लागत नाही, कारण घशाची जाणीवच बोथट झालेली असते, आणि खरी भीती याच रुग्णांची.

समजा, 70 वर्षांचे, 60 किलो वजनाचे एक आजोबा आहेत. गिळण्याच्या क्ष-किरण तपासणीत साधे पाणी ठसक्याशिवाय श्वासनलिकेत जाताना दिसले. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत द्रव आणि अन्न 0 ते 7 अशा स्तरांत मांडतात. स्पीच थेरपिस्टने त्यांना द्रव दुसऱ्या स्तराचे आणि जेवण चौथ्या स्तराचे ठरवून दिले. दुसरा स्तर घरीही तपासता येतो. ठरावीक मापाच्या 10 मिलीच्या सिरिंजमधून द्रव 10 सेकंद वाहू द्यायचा. 4 ते 8 मिली आत उरले तर दाटपणा बरोबर. चौथ्या स्तराचा गुळगुळीत गोळा चमचा कलता केला की अखंड घसरून पडतो, चिकटून बसत नाही. पातळ वरणात भाताची शिते तरंगणारी वाटी म्हणूनच चालत नाही: तोंडात द्रव आणि घन वेगवेगळ्या वेगाने सुटतात.

घरचे इथे हमखास एक चूक करतात. वरणभात मिक्सरमधून फिरताना पाणी घालतात. वाटी भरलेली दिसते, पण पोषण निम्म्यावर येते. आजोबांना दिवसाला साधारण 1,700 कॅलरी आणि 60 ते 70 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणून आहारतज्ज्ञ पाण्याऐवजी दूध, दही आणि तूप घालायला सांगते. दाट पाणी कंटाळवाणे लागते, माणूस कमी पितो. त्यामुळे दिवसभरात किती द्रव पोटात गेला, हेही लिहावे लागते.

लिहिण्याचा उपयोग कसा होतो पाहा. पलंगापाशी एक वही आहे. त्यात दर जेवणाचा स्तर, खाल्लेले प्रमाण, बसण्याची स्थिती, खोकला आणि आवाज यांची नोंद होते. गिळल्यावर आवाज ओला, घरघरता झाला तर भरवणे थांबवून नर्सला कळवायचे. चार दिवसांच्या नोंदींत थेरपिस्टला एक गोष्ट दिसली: आवाज ओला होतो तो फक्त पेजेच्या वेळी, आणि तेही वाटी संपत आल्यावर. सुरुवातीच्या चमच्यांना काहीच नाही.

सूनबाईला विचारले तेव्हा उलगडा झाला. तोंडातून आलेला चमचा पुन्हा त्याच वाटीत बुडत होता. लाळेतला अमायलेज पेजेतला स्टार्च फोडतो, आणि पंधरा मिनिटांत तळाची पेज ठरलेल्या स्तराखाली पातळ होते. आता पेज मोठ्या भांड्यात झाकून ठेवतात, लहान वाटीत चार-पाच चमचेच काढतात आणि ते संपले की वाटी-चमचा बदलतात. पाण्यासाठी लाळेने न फुटणारी झँथन गमची पूड आणली. वहीच्या पहिल्या पानावर सूनबाईने लाल पेनाने लिहिले: ‘उष्टा चमचा भांड्यात नको.’