पीडीएफमधला एक शब्द बदलताना

गृहनिर्माण संस्थेच्या सभेची सूचना तयार आहे. वर ठळक अक्षरांत ‘वार्षिक सर्वसाधारण सभा : रविवार’ असा मथळा आहे. पीडीएफ सभासदांना पाठवायची तेवढी बाकी असताना सभा शनिवारी घ्यायचं ठरतं. मूळ वर्डची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असते, म्हणून सचिव पीडीएफ दुरुस्त करण्याचं एखादं ॲप उघडतात. ‘रविवार’ खोडून ‘शनिवार’ टाइप केलं, की पडद्यावर ‘श’ आणि ‘नि’च्या जागी रिकामे चौकोन येतात किंवा ती अक्षरं वेगळ्याच वळणाची दिसतात.

याचं कारण पीडीएफच्या घडणीत आहे. वर्डच्या फाइलमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच असतो. हा परिच्छेद, हा मथळा, याला हा फॉन्ट, एवढं तिथे नोंदलेलं असतं. ओळ कुठे तुटेल, पान कुठे संपेल याचा हिशेब वर्ड दर वेळी नव्याने करतं. पीडीएफमध्ये हा हिशेब करून झालेला असतो आणि फक्त उत्तर उरलेलं असतं. ॲडोबीने 1993 मध्ये हा प्रकार आणला तो कुठल्याही यंत्रावर पान हुबेहूब तसंच दिसावं म्हणून. आपल्या मथळ्यातला ‘रविवार’ पीडीएफच्या पोटात साधारण असा असतो :

```
BT
/F2 16 Tf
72 700 Td
<000500090007000700080005> Tj
ET
```

अर्थ असा, की F2 नावाचा फॉन्ट 16 पॉइंटात घ्या, पानाच्या डाव्या कडेपासून 72 आणि तळापासून 700 पॉइंटांवर जा आणि फॉन्टमधल्या 5, 9, 7, 7, 8, 5 या क्रमांकांच्या आकृत्या काढा. हे क्रमांक उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक फाइलीत ते वेगळे असतात. यात ‘र’ हे अक्षर कुठेच नाही, आहे ती 5 क्रमांकाची आकृती. दुसरा क्रमांक 9 हा ऱ्हस्व वेलांटीचा आहे. आपण ती ‘व’नंतर टाइप करतो, पण दिसते ‘व’च्या आधी, म्हणून इथेही ती आधीच आली आहे. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केल्यावर वेलांट्या आणि जोडाक्षरं बरेचदा विस्कटतात, ती यामुळेच.

आता चौकोनांकडे वळू. पीडीएफ बनताना फाइल लहान राहावी म्हणून बहुतेक वेळा अख्खा फॉन्ट आत जात नाही, वापरलेल्या आकृत्याच जातात. आपला ठळक फॉन्ट फक्त त्या मथळ्यापुरता वापरलाय, आणि मथळ्यात ‘श’ नाही, ‘न’ही नाही. त्यामुळे त्या आकृत्या फाइलीतच नाहीत. तोच फॉन्ट दुरुस्ती करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसेल, तर ॲप दुसरा फॉन्ट लावतं किंवा चौकोन काढतं. ॲडोबी रीडरमध्ये Ctrl+D दाबून Fonts हा भाग पाहा. फॉन्टच्या नावापुढे Embedded Subset असं दिसलं, तर तुमच्या फाइलीतही निवडकच आकृत्या आहेत.

नवा मजकूर मोठा असेल, तर दुसरी अडचण येते. ‘शनिवार’पुढे ‘सायंकाळी 6 वाजता’ घातलं, तर शेजारचा आणि खालचा मजकूर आपणहून सरकत नाही, कारण त्याच्या जागा आधीच ठरलेल्या आहेत. चांगली ॲप परिच्छेद ओळखून ओळी पुन्हा मांडायचा प्रयत्न करतात, पण तो अंदाजच असतो. तक्ते आणि दोन रकान्यांच्या मजकुरात तो सहज चुकतो.

सगळ्यात फसवा उपाय म्हणजे जुन्या शब्दावर पांढरी पट्टी ठेवून वर नवा शब्द लिहिणं. छापल्यावर ते ठीक दिसतं, पण खालचा ‘रविवार’ फाइलीत तसाच असतो. कॉपी केलं की तो बाहेर येतो, आणि पट्टीखाली खातेक्रमांक असेल तर तोही. काही ॲप तर बदल फाइलीच्या शेवटी जोडतात, त्यामुळे पुसलेला मजकूरही आत शिल्लक राहू शकतो. शिवाय फाइलवर डिजिटल सही असेल, तर नंतर मजकुरात केलेला बदल सही तपासताना उघड होतो.

म्हणून मूळ फाइल मागवून घ्यावी. वर्डमध्ये ‘रविवार’ शोधला, की तो विषयपत्रिकेत आणि तळटीपेतही सापडेल. तिथे तारखेसकट सगळीकडे बदल करून नवी पीडीएफ काढावी. मग त्या पीडीएफमधला मथळा कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि जुना वार कुठे उरलाय का, हे डोळ्यांनीही वाचून पाहावं. मराठीत Ctrl+F वर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मूळ फाइल हरवलीच असेल, तर एका पानाची सूचना नव्याने टाइप करणंच बरं. पीडीएफचं वर्डमध्ये रूपांतर केलं, तर शब्द न् शब्द तपासावा लागतो.

फाइल हरवण्याची धास्ती असेल, तर लिबरऑफिसमध्ये पीडीएफ काढताना Hybrid PDF हा पर्याय निवडता येतो. त्याने मूळ दस्तऐवज पीडीएफच्या आतच साठवला जातो आणि पुढच्या वर्षीचा सचिव तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून सरळ दुरुस्त करू शकतो. मात्र अशी प्रत कार्यालयातच ठेवावी. सभासदांना साधी पीडीएफ पाठवावी आणि फाइलीच्या नावात ‘सुधारित’ हा शब्द व तारीख घालावी, म्हणजे आधीची प्रत कोणाकडे गेली असली, तरी कुठली खरी याबद्दल गोंधळ होणार नाही.