कागदावर स्टोअरकीपर, खुर्चीत भाऊ

भोसरीतली एक पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आणा. प्रेसवरच्या जॉबवर्कची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. उदाहरण मी रचलेलं आहे, पण सीएच्या ऑफिसात बसणाऱ्यांना ते अनोळखी वाटणार नाही. कंपनी खात्याच्या नोंदीत दोन डायरेक्टर दिसतात, भाऊंची बायको आणि स्टोअरकीपर. भाऊंचं नाव तिथे नाही, कारण त्यांच्या आधीच्या कंपनीने सलग तीन वर्षं हिशेब भरले नाहीत आणि कायद्याने ते 5 वर्षांसाठी अपात्र ठरले. 2017 मध्ये सरकारने अशा सुमारे 3 लाख डायरेक्टरांना एका फटक्यात अपात्र ठरवलं, तेव्हा घरोघर बायका आणि भाचे बोर्डावर बसले.

आता भाऊंच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘सल्लागार’ छापलंय. पण पत्र्याचा भाव तेच ठरवतात, माणसं तेच घेतात, बँक मॅनेजरशी तेच बोलतात. वहिनींच्या सह्या केलेलं कोरं चेकबुक त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असतं. डायरेक्टरचं काम उघडपणे करणाऱ्या अशा बिननेमणुकीच्या माणसाला वकील डी फॅक्टो डायरेक्टर म्हणतात. समजा, भाऊ शेडवर फिरकतच नाहीत. ते जुन्नरला शेतात बसून फोन करतात आणि इकडे बोर्ड मुकाट्याने ठराव करतं. मग ते शॅडो डायरेक्टर. पहिला स्वतः खुर्चीत बसतो, दुसरा खुर्चीतल्यांना हलवतो. एकच माणूस दोन्ही कामं करताना सापडतो, तेव्हा ही रेघ पुसट होते.

शॅडो ठरायला एखादा फोन पुरत नाही. बोर्डाला त्याच्या शब्दाप्रमाणे वागायची सवय लागलेली असावी लागते. व्यवसायाच्या नात्याने सल्ला देणारे वकील आणि सीए त्यात धरले जात नाहीत. सवय सिद्ध होते ती व्हॉट्सॲपवरून, ईमेलवरून आणि कधी खुद्द इतिवृत्तावरून. ठरावाचा मसुदा सकाळी भाऊंकडून आला आणि दुपारी शब्दही न बदलता ‘सर्वानुमते मंजूर’ झाला, असं वर्षभर दिसलं, तर आणखी काय शोधायचं?

मग कर्तव्यं कोणाची? इंग्लंडचा 2006 चा कंपनी कायदा म्हणतो, शॅडो डायरेक्टरलाही डायरेक्टरची सर्वसाधारण कर्तव्यं लागू, जिथवर ती लागू होऊ शकतात तिथवर. आपल्याकडे गुंता आहे. 1956 च्या कायद्यात डायरेक्टरची जागा सांभाळणारा कोणीही, नाव काहीही असो, डायरेक्टर होता. 2013 च्या कायद्याने व्याख्या आखडली: डायरेक्टर म्हणजे बोर्डावर नेमलेला. सचोटी, काळजी आणि हितसंबंधांचा टकराव टाळणं सांगणारं कलम 166 डायरेक्टरलाच उद्देशून आहे. म्हणजे भाऊंनी स्वतःचा गाळा कंपनीला दुप्पट भाड्याने दिला, तर त्या कलमात त्यांना धरणं सोपं नाही. मला ही मोठी फट वाटते.

शिक्षेच्या बाबतीत मात्र ते सुटत नाहीत. ‘कसूर करणारा अधिकारी’ या व्याख्येत ज्याच्या सूचनेप्रमाणे बोर्ड वागत आलं तोही येतो. भाऊंनी कामगारांच्या नातेवाइकांकडून जादा व्याजाच्या आमिषाने कंपनीसाठी ठेवी घ्यायला लावल्या, तर त्या बेकायदा ठेवींसाठी अशा अधिकाऱ्याला 7 वर्षांपर्यंत कैद आणि 25 लाख ते 2 कोटी रुपये दंड होऊ शकतो. आणि कंपनी गुंडाळताना देणेकऱ्यांना फसवण्याचा हेतू दिसला, तर जाणूनबुजून सामील असलेल्या कोणाच्याही खिशाला हात घालता येतो. तिथे तो डायरेक्टर आहे का, असा प्रश्नच नसतो.

तरी हुकूम चालवणारा प्रत्येक जण सापडतोच असं नाही. इंग्लंडमधल्या होलंड खटल्यात 42 कंपन्या होत्या आणि त्या सगळ्यांची एकमेव डायरेक्टर दुसरी एक कंपनी. तिचे डायरेक्टर होते होलंड आणि त्यांची पत्नी. जास्त दराने कर लागणार असा वकिली सल्ला मिळूनही त्या करासाठी तरतूद न करता लाभांश वाटला गेला आणि कंपन्या बुडाल्या. करखात्याने होलंडना धरलं. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने 3 विरुद्ध 2 अशा मतांनी ठरवलं की त्यांनी केलं ते त्या दुसऱ्या कंपनीचे डायरेक्टर म्हणून केलं, म्हणून ते 42 कंपन्यांचे डी फॅक्टो डायरेक्टर नव्हेत. आपल्याकडे ही वाट बंद आहे, कारण बोर्डावर हाडामांसाचीच माणसं लागतात.

भोसरीत ते हाडामांसाचं माणूस म्हणजे स्टोअरकीपर. कोणा एकावर जबाबदारी सोपवलेली नसेल, तर सगळे डायरेक्टर कसूरवार ठरतात. त्यामुळे नोटीस आधी त्याच्याच घरी येते. ‘मी फक्त सही केली, साहेब’ हे उत्तर कर्तव्याच्या कलमापुढे लंगडं पडतं. राजीनामा दिला तरी पदावर असतानाच्या गुन्ह्यांची जबाबदारी त्याला चिकटलेली राहते.