पानात टाकलेले पुस्तक

आपल्या घरांतून लहानपणी दोन धडे एकदमच मिळतात. पानात अन्न टाकायचे नाही आणि हातात घेतलेले पुस्तक अर्धे सोडायचे नाही. पहिला धडा योग्यच आहे. दुसऱ्याने मात्र पुष्कळ चांगल्या वाचकांचे वाचन बंद पाडले आहे. माझेही ते दोन महिने बंद पडले होते.

गेल्या पावसाळ्यात मी पेशवाईवरची एक जाडजूड कादंबरी विकत आणली. पाने सहाशे. महूच्या पावसात शिकवण्या बुडतात, तेव्हा ती सहज संपेल असे वाटले. एकशेचाळिसाव्या पानावर गाडी अडली. रोज रात्री दोन पाने वाचावीत, दुसऱ्या दिवशी ती आठवू नयेत, म्हणून पुन्हा तीच वाचावीत. टाकवेना, कारण पैसे मोजलेले. आणि ही संपत नाही तोवर दुसरे पुस्तक हाती घ्यायचे नाही, हा बाणा!

एके दिवशी हिशेब मांडला. उरलेली पाने चारशेसाठ. तासाला तीस पानांच्या माझ्या गतीने पंधरा तास लागणार. रोजचा अर्धा तास धरला तर पुरा एक महिना. मोजलेले पैसे पुस्तक संपवूनही परत येणार नव्हते; महिना मात्र अजून माझ्या हातात होता. मग स्वतःला विचारले, हे पुस्तक आज कोणी फुकट दिले, तर एकशेएक्केचाळिसाव्या पानापासून मी ते वाचायला घेईन काय? उत्तर ‘नाही’ आले आणि पुस्तक मिटले.

किती पाने वाचल्यावर हा प्रश्न विचारावा? अमेरिकेतील सिअॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी त्याचा एक नियम सांगितला आहे. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पन्नास पाने द्यावीत. पुढे शंभरातून आपले वय वजा करावे. म्हणजे बहात्तर वर्षांच्या आजोबांना अठ्ठावीस पाने पुरेत. जसजसे आयुष्य उणे होते, तसतशी पुस्तकाला द्यायची सवलतही उणी होते. ताटात आधी थोडेच वाढून घ्यावे, तसे हे आहे. मग टाकण्याचे पाप लागत नाही.

परंतु कंटाळा आणि चीड यांत गफलत होऊ देऊ नये. पुस्तक आपल्या मताला धक्का देते म्हणून राग येत असेल, तर ते थोडे आणखी वाचावे. मागच्या पानावर काय घडले हेच सांगता येत नसेल, तर मात्र थांबावे.

पुस्तक मिटताना मी त्यात एक चिठ्ठी ठेवतो: कोणत्या पानावर थांबलो आणि का. पुढचे पुस्तक ही चिठ्ठीच निवडून देते. त्या कादंबरीत मी लिहिले होते, ‘काळ आवडतो. संवाद नाटकी. फार लांबण.’ म्हणजे काळ तोच ठेवायचा आणि लिहिण्याची तऱ्हा बदलायची. मी ‘भाऊसाहेबांची बखर’ घेतली. ती त्यामानाने लहान आणि भाषा रोखठोक. चार दिवसांत संपली. चिठ्ठीवर ‘विषयच नको’ असे असते, तर बखरही नकोच होती. निवडताना पहिले पान पाहू नये, ते प्रत्येक लेखक घासूनपुसून ठेवतो. मधले एखादे पान उभ्याउभ्या वाचावे. तिथे भाषा खरी कळते.

एका पुस्तकाच्या बाबतीत मात्र माझी चिठ्ठी चुकली. माझे वडील पोरवयात इंदूरच्या होळकर दरबारात गायले, संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत. त्यांच्या फडताळात पंडित भातखंड्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चारही भाग होते. हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने मराठीत लिहिला आहे. पहिला भाग १९१० सालचा. विसाव्या वर्षी मी तो कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचायला बसलो आणि जुन्या संस्कृत ग्रंथांच्या चर्चेत दमलो. चिठ्ठीवर लिहिले, ‘रुक्ष’. वडिलांचे पुस्तक टाकले याची टोचणी पुष्कळ वर्षे राहिली. पुढे स्वतः शिकवू लागलो. एका मुलीने यमनाविषयी असा प्रश्न विचारला की मला उत्तर येईना. तेव्हा फक्त यमनाची चर्चा काढून वाचली आणि त्या रात्री भाग खाली ठेववेना.

पुस्तक तेच होते. विसाव्या वर्षी माझ्याजवळ प्रश्न नव्हता. थांबलो हे बरोबर होते, पण दोष ग्रंथाच्या माथी मारला हे चूक. तेव्हापासून चिठ्ठीवर मी ‘वाईट’ असे लिहीत नाही. ‘आज नको’ असे लिहितो आणि पुस्तक फडताळात परत ठेवतो. त्या कादंबरीतही आता तीच चिठ्ठी आहे.